वाद आधीचा हवा

एखाद्या कंपनीने माल घेतला, वापरला, त्याचा नफाही पदरात पाडून घेतला आणि पुरवठादाराचे बिल मात्र थकविले, तर पुरवठादाराने काय करावे? नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्याने त्याला एक मार्ग दिला आहे. त्या कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून तिच्यावर नादारीची कार्यवाही सुरू करण्याची मागणी तो करू शकतो. या अर्जाला कंपनीकडून येणारे सर्वांत परिणामकारक उत्तर एकच असते: ‘या देण्याविषयी आमच्यात आधीपासूनच वाद आहे.’ हे उत्तर टिकले तर अर्ज फेटाळला जातो, टिकले नाही तर कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो.

वरकरणी हा दोन व्यापाऱ्यांमधला हिशेबाचा तंटा दिसतो आणि त्यात आपल्याला काय कर्तव्य, असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या कायद्याने धनकोंचे जे दोन वर्ग पाडले आहेत ते नीट पाहिले म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. बँका, वित्तसंस्था, रोखेधारक हे झाले वित्तीय धनको. माल किंवा सेवा पुरविणारे ते दुसऱ्या वर्गात, ज्याला कायदा ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतो. आपण त्याला व्यवहारातला धनको म्हणू. सेवेच्या व्याख्येत नोकरीचाही समावेश आहे. म्हणजे सुट्या भागांचा लहान कारखानदार, मालमोटारवाला, कॅन्टीनचा ठेकेदार आणि थकलेल्या पगाराचा कामगार हे सारे कायद्याच्या लेखी एकाच रांगेत बसतात. पुरवठादाराच्या अर्जाला जो बचाव लागू होतो, तोच उद्या कामगार संघटनेच्या अर्जालाही लागू होणार आहे.

आधी कार्यपद्धती पाहू. व्यवहारातल्या धनकोला थेट न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येत नाही. कलम ८ प्रमाणे त्याने प्रथम कंपनीला मागणीची नोटीस द्यावयाची असते किंवा थकलेल्या बिलाची प्रत ठरावीक नमुन्यात पाठवावयाची असते. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत कंपनीने पैसे दिल्याचा पुरावा तरी पाठवावा, किंवा वाद अस्तित्वात असल्याचे धनकोच्या नजरेस तरी आणून द्यावे. दहा दिवस उलटले, पैसेही आले नाहीत आणि वादाची सूचनाही आली नाही, म्हणजे कलम ९ खाली अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाने तो चौदा दिवसांत दाखल करून घ्यावा अथवा फेटाळावा, असे कायदा सांगतो. वादाची सूचना धनकोला मिळालेली असेल किंवा वादाची नोंद अन्यत्र असेल, तर अर्ज फेटाळण्यावाचून न्यायाधिकरणाला गत्यंतर नाही. कंपनीने दहा दिवसांत उत्तर दिले नाही एवढ्यावरून तिचा बचाव संपला असेही न्यायाधिकरणे मानीत नाहीत. वाद खरोखर आधीचा असेल तर तो सुनावणीच्या वेळीही दाखविता येतो.

आता ‘वाद’ म्हणजे काय? कलम ५ च्या सहाव्या पोटकलमात त्याची व्याख्या आहे. देण्याचे अस्तित्व वा रक्कम, मालाचा किंवा सेवेचा दर्जा, आणि दिलेल्या आश्वासनाचा अथवा हमीचा भंग, या तिहींपैकी कशाशीही संबंधित दावा किंवा लवादाची कार्यवाही ‘वादा’त समाविष्ट होते. येथे ‘समाविष्ट होते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दावा किंवा लवाद चालू असेल तरच वाद, की त्याच्या आधीच्या पत्रव्यवहारातला मतभेदही वाद? कायदा अमलात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच न्यायाधिकरणे या प्रश्नावर अडखळली. त्याचे उत्तर ज्या खटल्याने दिले तो मोबिलॉक्स इनोव्हेशन्स विरुद्ध किरुसा सॉफ्टवेअर हा खटला. आजही या विषयावरचा प्रत्येक युक्तिवाद त्याच्यापासूनच सुरू होतो, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगावयास हवी.

‘नच बलिये’ या दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धेसाठी प्रेक्षकांची मते दूरध्वनीवरून गोळा करण्याचे काम स्टार टीव्हीने मोबिलॉक्स या कंपनीला दिले होते. मोबिलॉक्सने त्यातला काही भाग २०१३ च्या अखेरीस खरेदी-आदेश काढून किरुसाकडे सोपविला. किरुसाने काम केले आणि डिसेंबर २०१३ ते नोव्हेंबर २०१४ या काळात त्याची बिले पाठविली. याच व्यवहाराच्या अनुषंगाने डिसेंबर २०१४ मध्ये उभयतांत गोपनीयतेचा करार झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू समजावयाचा असे ठरले.

३० जानेवारी २०१५ रोजी मोबिलॉक्सने किरुसाला कळविले की, आमच्या ग्राहकाच्या कामाची माहिती तुम्ही आपल्या संकेतस्थळावर उघड केली आहे, हा गोपनीयतेच्या कराराचा भंग आहे, आणि याचा निकाल लागेपर्यंत आम्ही तुमचे पैसे रोखून धरीत आहोत. १० फेब्रुवारीला किरुसाने हा आरोप नाकारला, पैसे बुडविण्यासाठी काढलेली ही सबब आहे असे म्हटले आणि आठवड्याभरात पैसे न दिल्यास कायदेशीर कारवाई करू असे बजावले. २६ फेब्रुवारीला मोबिलॉक्सने ते खोडून काढीत, तुमच्या वागण्याने आमचे ग्राहक गेले, असे उलट उत्तर दिले. यानंतर किरुसा गप्प बसली. सव्वा वर्षाने, जून २०१६ मध्ये, तिने पुन्हा संबंध जुळविण्याची व अडकलेले पैसे मिळविण्याची इच्छा कळविली. भेटीगाठींची बोलणी झाली, पण निष्पन्न काहीच झाले नाही. सप्टेंबरमध्ये मोबिलॉक्सने पुन्हा कळविले की करारभंग झाल्यामुळे काहीही देणे लागत नाही.

दरम्यान नवी संहिता अमलात आली. २३ डिसेंबर २०१६ रोजी किरुसाने वीस लाख आठ हजार रुपयांच्या मागणीची नोटीस दिली. २७ डिसेंबरला मोबिलॉक्सने वाद असल्याचे उत्तर दिले. ३० डिसेंबरला किरुसाने अर्ज दाखल केला. मुंबईच्या न्यायाधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये तो फेटाळला. अपिलीय न्यायाधिकरणाने मे महिन्यात नेमके उलट मत दिले: मोबिलॉक्सचे म्हणणे मोघम असून ते देणे चुकविण्यासाठी रचलेले आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन व न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने अपिलीय न्यायाधिकरणाचा निर्णय रद्द केला.

या निकालाने तीन गोष्टी ठरविल्या. पहिली म्हणजे, वाद असण्यासाठी दावा किंवा लवाद चालू असलाच पाहिजे असे नाही. कलम ८ मध्ये ‘वादाचे अस्तित्व आणि दाव्याची नोंद’ अशी शब्दरचना होती. तीतील ‘आणि’ हा ‘किंवा’ असा वाचावा, असे न्यायालयाने म्हटले. दावा लावण्यास कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली असता, ज्याने अद्याप दावा लावलेला नाही त्याचा खरा वाद केवळ त्या कारणाने नाकारणे अन्यायाचे झाले असते. पुढे २०१८ मध्ये संसदेने दुरुस्ती करून हाच अर्थ कायद्याच्या शब्दांत आणला.

दुसरी गोष्ट कालमर्यादेची. वाद नोटीस मिळण्यापूर्वीचा असला पाहिजे. नोटीस हाती पडल्यावर ‘तुमचा माल खराब होता’ असे प्रथमच सुचणे याला कायद्यात वाद म्हणत नाहीत. मोबिलॉक्सचे पत्र जवळजवळ दोन वर्षे आधीचे होते आणि तेवढ्याने प्रकरणाचा कल ठरला.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. वाद कितपत खरा असावा? न्यायालयाने म्हटले की कंपनीचा बचाव यशस्वी होईल की नाही हे न्यायाधिकरणाने तपासावयाचे नाही. ज्याची अधिक चौकशी करणे आवश्यक आहे असा सकृद्दर्शनी पटण्याजोगा मुद्दा आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. तो उघडउघड लंगडा युक्तिवाद असता कामा नये, किंवा ज्याला पुराव्याचा आधारच नाही असे नुसते विधानही असता कामा नये. धान्य आणि फोल वेगळे करावयाचे, परंतु धान्याची प्रत ठरवीत बसावयाचे नाही, असा त्याचा मथितार्थ. जुन्या कंपनी कायद्यात, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात, वाद ‘प्रामाणिक’ असावा व बचाव भरीव असावा अशी कसोटी होती. नव्या संहितेच्या पहिल्या मसुद्यात व्याख्येत ‘प्रामाणिक’ हा शब्द होता, पण अंतिम कायद्यातून तो गळाला. न्यायालयाने या गळण्याची दखल घेतली. परिणामी कसोटी कंपनीच्या बाजूने सैल झाली.

हे योग्य झाले की अयोग्य? आमच्या मते तत्त्व योग्य आहे, आणि ते का योग्य आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या दुरुपयोगावर टीका करणे उथळपणाचे होईल. अर्ज दाखल करून घेतल्याच्या क्षणापासून कंपनीच्या संचालक मंडळाचे अधिकार संपतात, हंगामी निराकरण व्यावसायिक कारभार हाती घेतो, कंपनीविरुद्धचे सारे दावे व वसुल्या स्थगित होतात. ठरलेल्या मुदतीत कोणी नवा मालक मिळाला नाही तर कंपनी अवसायनात जाते, म्हणजे तिची यंत्रे व जमीन विकली जाते आणि कामगार रस्त्यावर येतो. वीस लाखांच्या वादग्रस्त बिलासाठी चालत्या कारखान्यावर हे संकट आणण्याचे हत्यार कोणाही पुरवठादाराच्या हाती असावे, असे कामगारांचे हित पाहणारा कोणीही म्हणणार नाही. हा कायदा वसुलीचे साधन नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे आणि त्यात तथ्य आहे. ज्या देण्याचा खरोखर तंटा आहे त्याची जागा दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हे संरक्षण कंपनीला एकाच दिशेने मिळते. मोबिलॉक्सच्या निकालाच्या तीनच आठवडे आधी, ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, याच दोन न्यायमूर्तींनी इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक या प्रकरणाचा निकाल दिला. इनोव्हेंटिव्ह ही पुण्याची कंपनी. महाराष्ट्र शासनाने १९५८ च्या साहाय्यित उपक्रमांविषयीच्या राज्य कायद्याखाली तिची देणी तात्पुरती स्थगित केली आहेत, तेव्हा देणे थकलेच नाही, असा तिचा बचाव होता. तो कायदा उद्योगातली रोजगारी टिकविण्याच्या हेतूने केलेला. न्यायालयाने केंद्राची संहिता वरचढ ठरविली आणि बचाव अमान्य केला. त्याच निकालात दोन्ही वर्गांतला भेद स्पष्ट मांडला आहे. वित्तीय धनकोच्या अर्जात देणे आहे व ते थकले आहे एवढेच पाहावयाचे. कंपनी ते देणे विवाद्य मानते याला, ते देणे देय झालेले असेल तर, महत्त्व नाही. व्यवहारातल्या धनकोच्या बाबतीत मात्र वाद दिसला की अर्ज संपला.

या भेदाचे समर्थन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्सच्या निकालात केले. बँकेचे कर्ज लेखी करारावर, तारणावर आणि नोंदींवर उभे असते, त्यात वादाला जागा थोडी. मालाच्या व्यवहारात दर्जा, तूट, उशीर यांवरून तंटे होणे नेहमीचे. शिवाय बँका कंपनीच्या भवितव्याचा विचार करण्याच्या स्थितीत असतात, तर पुरवठादाराला फक्त आपल्या बिलाशी कर्तव्य असते. पहिले कारण वस्तुस्थितीला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याविषयी मात्र आमचा मतभेद आहे. ज्या लहान कारखानदाराचा निम्मा माल एकाच कंपनीला जातो, तिच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध बँकेपेक्षा अधिक जवळचा असतो. असे असूनही अर्ज दाखल झाल्यावर जी धनको समिती सर्व निर्णय घेते तीत मताधिकार वित्तीय धनकोंना. व्यवहारातल्या धनकोंचे एकूण येणे कर्जाच्या निदान दहा टक्के असेल तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, पण मत देऊ शकत नाही.

यावर आणखी एक भिंत चढली. मूळ कायद्यात एक लाख रुपयांची थकबाकी अर्जाला पुरेशी होती. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्र सरकारने ही मर्यादा एक कोटीवर नेली. त्या दिवसांत तिला कारण होते. पण साथ ओसरली आणि मर्यादा राहिली. आजच्या मर्यादेत किरुसाचा वीस लाखांचा अर्ज वादाच्या मुद्द्यापर्यंत पोहोचलाच नसता. अनेक पुरवठादारांनी आपापली येणी एकत्र करून एकच अर्ज करावा, तर तेही अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच उत्तम गाल्वा स्टील्सच्या प्रकरणात अमान्य केले आहे. बँकांना मात्र संयुक्त अर्ज करण्याची मुभा कलमातच आहे.

कामगारांची स्थिती येथे थोडी बरी आहे, आणि ती एका संघटनेने लढून मिळविली आहे. कानपूरच्या जे. के. ज्यूट मिलमधील सुमारे तीन हजार कामगारांच्या थकलेल्या देण्यासाठी तेथील मजदूर मोर्चाने मार्च २०१७ मध्ये मागणीची नोटीस दिली. न्यायाधिकरणाने आणि अपिलीय न्यायाधिकरणाने संघटनेला अर्जाचा अधिकारच नाही असे ठरविले, प्रत्येक कामगाराने स्वतंत्र अर्ज करावा असा त्याचा अर्थ. ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निर्णय रद्द केले आणि नोंदलेली कामगार संघटना आपल्या सभासदांच्या वतीने व्यवहारातला धनको म्हणून अर्ज करू शकते, असा निर्वाळा दिला. एक कोटीच्या आजच्या मर्यादेमुळे या निर्णयाचे मोल वाढले आहे. एकट्या कामगाराचा पगार एक कोटीपर्यंत कधीच जाणार नाही, चारशे कामगारांचा वर्षभराचा सहज जाईल.

पण संघटनेला अधिकार मिळाला म्हणून वादाचा बचाव नाहीसा झालेला नाही. येथे कार्यकर्त्यांनी एक विसंगती ध्यानात ठेवावी. आपण सवयीने प्रथम कामगार न्यायालयात जातो. थकलेल्या वेतनाचा आकडाच तेथे विवाद्य असेल आणि प्रकरण प्रलंबित असेल, तर कंपनी तेच प्रकरण न्यायाधिकरणापुढे ‘आधीचा वाद’ म्हणून पुढे करील. एवढेच कशाला, हाती निवाडा असला तरी निश्चिंत राहता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये के. किशन विरुद्ध विजय निर्माण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की लवादाचा निवाडा धनकोच्या बाजूने असला, पण त्याला न्यायालयात आव्हान दिलेले असले, तर वाद अद्याप जिवंत आहे. म्हणून अर्ज ज्या रकमेवर उभा करावयाचा ती मालकाने स्वतः मान्य केलेली असावी: हजेरीपट व पगारपत्रके, सही झालेला करार, ताळेबंदात दाखविलेले देणे, हप्ते मागणारे व्यवस्थापनाचे पत्र. महागाई भत्त्याच्या वाढीव दराविषयी तंटा चालू असेल तर तो फरक या अर्जात मिसळू नये. निर्विवाद आकडा एक कोटीच्या वर जात असेल तर तेवढाच मागावा.

पुरवठादारालाही हाच न्याय. समजा, एका फाउंड्रीने एका यंत्रनिर्मात्या कंपनीला एक कोटी तीस लाखांचे ओतीव भाग पुरविले. कंपनी नोटिशीला उत्तर देते की माल सच्छिद्र होता. हा वाद खरा की बनावट हे कागद सांगतात. माल घेतल्यावर नाकारल्याची चिठ्ठी निघाली होती काय, तीत कोणत्या खेपेचे किती नग नाकारले याचा तपशील आहे काय, नग परत आले काय, त्या रकमेची नावेची चिठ्ठी पाठविली होती काय? हे सारे नोटिशीच्या आधीच्या तारखांचे असेल तर फाउंड्रीने नादारीच्या अर्जाचा नाद सोडावा, तो फेटाळला जाणार. उलट कंपनीने त्यानंतरही त्याच भागांची मागणी चालू ठेवली असेल, वर्षअखेरीस बाकी मान्य असल्याचे पत्र सही करून दिले असेल आणि ‘निधी आला की देतो’ एवढेच लिहीत राहिली असेल, तर सच्छिद्रतेची गोष्ट नोटिशीनंतर सुचली असे म्हणता येते. समजा, एकूण मालापैकी पंधरा लाखांच्या एकाच खेपेविषयी तक्रार झालेली आहे. ती खेप वगळूनही येणे एक कोटी पंधरा लाख उरते, तेव्हा नोटिशीतून ती आधीच वगळलेली बरी. आणि ज्याने किरुसाप्रमाणे तक्रारीचे पत्र आल्यावर वर्ष वर्ष मौन पाळले, त्याने आपलीच बाजू दुबळी केली. तक्रारीचे उत्तर त्याच आठवड्यात, मुद्देसूद आणि लेखी गेले पाहिजे.

ज्यांचे येणे एक कोटीपेक्षा कमी आहे किंवा ज्यात खरा वाद आहे, त्या लहान उद्योगांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा मार्ग आहे. पंचेचाळीस दिवसांपलीकडे बिल थकले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आणि सुविधा परिषदेकडे दाद, अशी त्यात तरतूद आहे. तेथे वाद हा अडसर ठरत नाही, वादाचा निवाडा करणे हेच परिषदेचे काम.

आणखी एक इशारा दिला पाहिजे. नादारीचा अर्ज मंजूर होणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. ज्या दिवशी तो मंजूर होतो त्या दिवशी अर्जदार इतर धनकोंसारखाच एक होतो. त्याला कायद्याने मिळणारी किमान हमी बहुधा अवसायनात त्याच्या वाट्याला जे आले असते त्याच्याशी बांधलेली, आणि तारण असलेल्या बँका आधी उभ्या असल्यामुळे पुरवठादारासाठी ती अनेकदा नगण्य ठरते. कामगारांचे शेवटच्या चोवीस महिन्यांचे देणे अवसायनात तारणधारकांच्या बरोबरीने धरले जाते आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान निधीतील रकमा अवसायनाच्या मालमत्तेत मोडत नाहीत, एवढा आधार आहे. तरीही चालता कारखाना या मार्गावर ढकलण्यापूर्वी संघटनेने सभासदांसमोर हा हिशेब मांडलाच पाहिजे. बंद पडलेल्या, मालक परागंदा झालेल्या गिरणीची गोष्ट निराळी.

मग कायद्यात काय बदलावयास हवे? कलम ९ न्यायाधिकरणाला दोनच दारे देते: दाखल करा किंवा फेटाळा. सकृद्दर्शनी पटण्याजोग्या पण संशयास्पद बचावासाठी मधला मार्ग नाही. दिवाणी प्रक्रियेत संक्षिप्त दाव्यामध्ये न्यायालय प्रतिवादीला सांगू शकते की बचाव मांडावयाचा असेल तर रक्कम न्यायालयात भरा. जुन्या कंपनी कायद्याखाली उच्च न्यायालयेही कंपनीला रक्कम भरावयास लावून पुरवठादाराला दाव्याकडे पाठवीत असत. असा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला तर कारखाना नादारीतून वाचेल आणि खोट्या वादाचा फायदाही नाहीसा होईल, कारण वाद उकरून काढून पैसे वापरीत राहणे हाच त्या फायद्याचा गाभा आहे. सुदृढ कंपनीला ही रक्कम भरणे जड नाही. जिला ती भरता येत नाही तिच्या नादारीविषयी वेगळा पुरावा कशाला? याच्या जोडीला, लहान पुरवठादारांना कामगारांप्रमाणे एकत्र अर्ज करण्याची मुभा मिळावी. एक कोटीची मर्यादा क्षुल्लक बिलांसाठी होणारे अर्ज थोपविण्यासाठी असेल, तर पन्नास जणांची मिळून थकलेली दोन कोटींची बाकी क्षुल्लक म्हणता येणार नाही.

खऱ्या वादाला संरक्षण मिळालेच पाहिजे, या मताशी आम्ही ठाम आहोत. बँकेपुढे जी सबब चालत नाही ती पगार मागणाऱ्या कामगारापुढे आणि बिल मागणाऱ्या फाउंड्रीवाल्यापुढे फुकटात चालावी, हे मात्र आम्हांला मान्य नाही. हा कायदा बदलेपर्यंत आपल्या हाती एकच साधन आहे: वेळच्या वेळी लिहिलेला आणि जपून ठेवलेला कागद. संघटनांच्या कचेऱ्यांनी तो नोटिशीच्या दिवसापासून जमवू नये, थकबाकीच्या पहिल्या महिन्यापासून जमवावा.